हस्तांदोलनं, कर्ण आणि कबड्डीचा संघ: दोनाने भागून कुठे भागतं

"एका सभेला 12 जण आले. प्रत्येकाने इतर प्रत्येकाशी एकदाच हस्तांदोलन केलं, तर एकूण हस्तांदोलनं किती?" तलाठी, रेल्वे, पोलीस भरती, यातल्या कशाचीही तयारी करत असाल तर हा प्रश्न आज ना उद्या समोर येणारच. त्याच्या मागोमाग बहुभुजाचे कर्ण येतात आणि मग "7 जणांचा संघ किती प्रकारे निवडता येईल" हा प्रश्न.

मी मालवणात संध्याकाळी अभ्यासिकेतल्या मुलांना अंकगणित शिकवतो. मुलं येतात तीच सूत्रांची झेरॉक्स घेऊन. तिच्यावर हस्तांदोलनाचं एक सूत्र, कर्णांचं दुसरं आणि संघनिवडीचं तिसरं, अशी तीन वेगळ्या चौकटींत छापलेली असतात. पाठ करायला ती बरी आहेत. पण प्रश्नात एक वाक्य बदललं की कुठली चौकट लावायची ते कळत नाही, आणि पेपर काढणारा नेमकं तेच वाक्य बदलतो. माझ्या मते या सगळ्या प्रकारात एकच गोष्ट विचारायची असते: मी जे मोजलं, त्यात एकच वस्तू किती वेळा आली?

12 जणांकडे बघू. प्रत्येक माणूस उरलेल्या 11 जणांशी हात मिळवतो, म्हणून 12 × 11 = 132. हे 132 चुकीचे नाहीत, फक्त ती हस्तांदोलनं नाहीत. पुढे केलेले हात आपण मोजले. एका हस्तांदोलनाला दोन हात लागतात, म्हणून हस्तांदोलनं 66.

n(n-1)/2

एवढं सांगितल्यावर मुलं मान डोलावतात, पण एका मुलीने विचारलंच, "सर, दोनान कित्याक भागूचा? थोडे दोनदा इले नसतीत तर?" प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, "चार जण घे नि लिहून बघ मगे." तिने बाबू, दाजी, सुरेश आणि मंगेश अशी चार नावं घेतली आणि वहीत प्रत्येकाच्या नावाखाली त्याच्या तिन्ही जोड्या लिहिल्या. एकूण 12 जोड्या झाल्या. बाबूच्या रकान्यातल्या तिन्ही जोड्या राहिल्या. दाजीच्या रकान्यात "दाजी-बाबू" आली तेव्हा तिने ती खोडली, कारण "बाबू-दाजी" वर आधीच होती. सुरेशच्या रकान्यात दोन खोडल्या गेल्या आणि मंगेशच्या तिन्ही. उरल्या 6. मग मी तिला प्रत्येक उरलेल्या जोडीसमोर तिची खोडलेली जोडी लिहायला लावली. प्रत्येकीसमोर बरोबर एकच आली. एकीलाही दोन नाहीत, आणि एकही जोडी बिनजोडीची राहिली नाही.

दोनाने भागायचा परवाना मिळतो तो याच्यामुळे. नुसतं "दोनदा मोजलं जातं" एवढं पुरत नाही, प्रत्येक वस्तू सारख्याच वेळा मोजली गेलेली असावी लागते. ही अट आता ध्यानात ठेवा, कारण संघाच्या प्रश्नात ती मोडते आणि बहुतेक गुण तिथेच जातात.

आधी भागायचंच नसतं अशी उदाहरणं बघू. कोकण रेल्वेची पाच स्थानकं घ्या: चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी रोड. या पाचांतल्या कुठल्याही एका स्थानकावरून दुसऱ्याला जायची किती वेगवेगळी तिकिटं छापावी लागतील? 5 × 4 = 20, आणि भागायचं नाही. कुडाळहून रत्नागिरीचं तिकीट काढलेला माणूस त्यावर रत्नागिरीहून कुडाळला येऊ शकत नाही, ती तिकिटं दोन वेगळी. प्रश्नात "स्थानकांच्या जोड्या किती" किंवा "किती वेगवेगळी अंतरं नोंदवावी लागतील" असं आलं तर मात्र 10. दिवाळीची शुभेच्छापत्रं, भेटवस्तू, एकमेकांना लिहिलेली पत्रं हे सगळे तिकिटाच्या बाजूचे. सामने हस्तांदोलनाच्या बाजूचे, पण प्रत्येक संघाने एक सामना आपल्या आणि एक दुसऱ्याच्या मैदानावर खेळायचा असेल तर ते परत तिकिटाच्या बाजूला जातात.

दुसरं उदाहरण दोन गटांचं. मालवणचे 8 आणि देवगडचे 5 मच्छीमार बैठकीला जमले आणि फक्त परक्या गावच्या माणसांशी हात मिळवला. इथे 8 × 5 = 40, भागाकार नाही. आपण मालवणच्या माणसापासून सुरुवात केली आणि देवगडच्या माणसापाशी थांबलो. देवगडच्या बाजूने परत मोजायला कोणी गेलंच नाही, म्हणून प्रत्येक हस्तांदोलन एकदाच आलं. इथे सवयीने भागून 20 काढणारी मुलं दरवेळी असतात, आणि पर्यायांत 20 असतोच.

जोडप्यांचा प्रश्नही याच घरातला. 10 जोडपी, कोणीही स्वतःच्या जोडीदाराशी हात मिळवत नाही. माणसं 20, त्यांच्या सगळ्या जोड्या 190, त्यातून नवराबायकोच्या 10 जोड्या वजा करून 180.

उलटा प्रश्न आला की मुलं वर्गसमीकरण मांडायला बसतात. त्याची गरज नाही. हस्तांदोलनं 105 दिली असतील तर दुप्पट करा: 210. आता लागोपाठच्या कुठल्या दोन संख्यांचा गुणाकार 210? वर्गमूळ साडेचौदाच्या आसपास, म्हणजे 14 आणि 15. माणसं 15. दुप्पट केलेली संख्या लागोपाठच्या दोन संख्यांत फुटत नसेल तर आकडेमोडीत शोधत बसू नका, प्रश्न पुन्हा वाचा. बहुतेक वेळा तो जोडप्यांचा किंवा दोन गटांचा निघतो.

कर्णांना वेगळं सूत्र लागतं असं मला वाटत नाही. 12 बाजूंच्या बहुभुजाला 12 शिरोबिंदू. कुठलेही दोन शिरोबिंदू जोडा, 66 रेषाखंड मिळतात. त्यांतले 12 म्हणजे बहुभुजाच्या बाजूच, उरलेले 54 कर्ण. झेरॉक्सवरचं n(n-3)/2 हेच सांगतं: एका शिरोबिंदूपासून स्वतःकडे आणि दोन शेजाऱ्यांकडे कर्ण जात नाही, म्हणून 12 - 3 = 9. मग 12 × 9 = 108, आणि प्रत्येक कर्ण दोन्ही टोकांकडून मोजला गेला म्हणून 54. गोल टेबलाभोवती बसलेल्या 12 जणांनी शेजारचे दोघे सोडून बाकी सगळ्यांशी हात मिळवला, तरी उत्तर हेच, कारण तो कर्णांचाच प्रश्न आहे.

इथे एक घोळ वारंवार होतो. 12 × 11 = 132 काढायचे, त्यातून 12 बाजू वजा करून 120, आणि मग निम्मे म्हणजे 60. वजाबाकी केली, भागाकारही केला, तरी उत्तर 54 येत नाही. 132 ही दुहेरी मोजणी आहे, तिच्यात प्रत्येक बाजूसुद्धा दोनदा आलेली आहे. त्यातून वजा करायचंच असेल तर 24 करा: 132 - 24 = 108, निम्मे 54. नाहीतर आधी निम्मे करा आणि मग 12 वजा करा. शंका आली तर चौकोनावर ताडून बघा. चौकोनाला कर्ण 2 असतात हे शेंबडं पोरही सांगेल, आणि या घोळाच्या पद्धतीने तिथे (12 - 4)/2 = 4 येतात.

उलट्या प्रश्नात कर्ण 44 असतील तर दुप्पट 88, आणि इथे लागोपाठच्या नव्हे, तीनचा फरक असलेल्या संख्या शोधायच्या: 11 × 8. बाजू 11. बहुभुज एका ठिकाणी आत दबलेला असला तर काही कर्ण बाहेरून जातात, पण त्यांची संख्या बदलत नाही.

आता बिंदू. एका वाडीत 12 माड आहेत. त्यातले 5 गडग्याला लागून एका सरळ रेषेत आहेत, आणि त्या पाचांशिवाय दुसरे कुठलेही तीन माड एका रेषेत नाहीत. प्रश्न तीन प्रकारे येतो आणि तिन्हींची उत्तरं वेगळी.

दोन-दोन माडांना जोडणारे रेषाखंड किती? 66. सरळ रेषेत असले म्हणून काय झालं, पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंतची दोरी आणि पहिल्यापासून पाचव्यापर्यंतची दोरी लांबीने वेगळीच.

रेषा किती? गडग्यालगतच्या 5 माडांच्या 10 जोड्या होतात, पण त्या दहाही जोड्यांतून एकच रेषा जाते. म्हणून 66 मधून 10 काढा आणि ती एक रेषा परत घाला: 57. हा एक घालायचा राहतो आणि 56 वर खूण होते. 66 ला कशानेही भागून 57 येत नाही, कारण 56 रेषा एकेकदा मोजल्या गेल्यात आणि एकच रेषा दहा वेळा. असमान मोजणी ही अशी दिसते.

त्रिकोण किती? 12 × 11 × 10 = 1320 मध्ये प्रत्येक त्रिकोण त्याच्या तीन शिरोबिंदूंच्या 6 क्रमांनी आला, सगळे सारखेच सहा वेळा. म्हणून 220. त्यातून एकाच रेषेतल्या पाचांतून घेतलेली 10 त्रिकुटं वजा: 210. इथे काहीही परत घालायचं नाही, कारण एका रेषेतल्या तीन माडांचा त्रिकोण होतच नाही.

वर 12, 11, 10 आणि खाली 1, 2, 3 मांडून गुणाकार-भागाकार करायची ही रीत आपल्याकडची जुनी आहे. भास्कराचार्यांनी 1150 सालच्या लीलावतीत सहा रसांतून एक, दोन, तीन असे रस घेऊन किती प्रकार होतील ते याच मांडणीने काढून दाखवलंय: 6, 15, 20, 15, 6 आणि 1. खालचे 1 × 2 × 3 म्हणजे एकच त्रिकुट किती क्रमांनी मोजलं गेलं तो आकडा. हे कळलं की फॅक्टोरियलच्या चिन्हांची भीती उरत नाही.

संघनिवडीत थोडं जास्त थांबू.

गावच्या कबड्डी संघात 12 खेळाडू आहेत, 5 चढाईपटू आणि 7 बचावपटू. मैदानात 7 उतरवायचे. काहीच अट नसेल तर 12C7. सात संख्यांचा गुणाकार करत बसू नका, बाकावर बसणारे 5 निवडा. बाक ठरला की मैदानातले आपोआप ठरले. 12 × 11 × 10 × 9 × 8 ला 120 ने भागून 792. हा आकडा कच्च्या कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

आता अट: संघात किमान 3 चढाईपटू हवेत.

डोक्यात पहिला विचार हाच येतो की आधी 3 चढाईपटू घेऊन अट मिटवून टाकू. 5 मधून 3, म्हणजे 10 प्रकार. आता अट पूर्ण झाली, उरलेले 4 कोणीही चालतील. उरलेत 9, त्यातून 4, म्हणजे 126 प्रकार. 10 × 126 = 1260. ऐकायला सगळं बरोबर वाटतं. पण कोपऱ्यात बघा: अट नसतानाच संघ 792 होत होते. अट घातल्यावर संघ वाढले कसे? असं झालं की समजायचं, काहीतरी पुन्हा पुन्हा मोजलं गेलंय. मात्र ही तपासणी दरवेळी वाचवणार नाही. अट कडक किंवा संख्या लहान असली की चुकीचा आकडा एकूण संख्येच्या आतच राहू शकतो. म्हणून काय बिघडलं ते आतून बघायला हवं.

चढाईपटूंना क, ख, ग, घ, च म्हणू. एका संघात क, ख, ग, घ असे चार चढाईपटू आणि तीन बचावपटू आहेत. वरच्या पद्धतीत हा संघ कसा तयार होतो? "आधीचे तीन" म्हणून क, ख, ग घेतले आणि घ नंतरच्या चारांत आला. किंवा क, ख, घ आधी आणि ग नंतर. किंवा क, ग, घ आधी. किंवा ख, ग, घ आधी. मैदानात उतरलेली माणसं तीच सात, पण आपण चार संघ मोजले. पाचही चढाईपटू असलेला संघ तर 10 वेळा मोजला जातो, कारण त्या पाचांतले "आधीचे तीन" 10 प्रकारे निवडता येतात. नेमके तीनच चढाईपटू असलेला संघ मात्र एकदाच येतो.

हस्तांदोलनात प्रत्येक जोडी दोनदा होती, म्हणून दोनाने भागून भागलं. इथे कोणी एकदा, कोणी चारदा, कोणी दहादा. 1260 ला कुठल्याही संख्येने भागलं तरी हिशेब लागणार नाही. म्हणून असे संघ आधी वेगळ्या ढिगांत टाकायचे, एक संघ एकाच ढिगात पडेल अशा बेताने.

नेमके 3 चढाईपटू आणि 4 बचावपटू: 10 × 35 = 350.
नेमके 4 चढाईपटू आणि 3 बचावपटू: 5 × 35 = 175.
पाचही चढाईपटू आणि 2 बचावपटू: 1 × 21 = 21.

एकूण 546. आणि 1260 कुठून आले तेही आता दिसतं: 350 एकदा, 175 चारदा म्हणजे 700, 21 दहादा म्हणजे 210. बेरीज 1260. चुकीचं उत्तर असं सुटं करून बघायला मी प्रत्येकाला एकदा तरी लावतो. एकदा ते सुटं झालेलं पाहिलं की "किमान" हा शब्द दिसल्यावर हात आपोआप ढीग पाडायला जातो.

उलट बाजूने तपासायचं तर अट न पाळणारे संघ मोजा. एकही चढाईपटू नाही: 1. एकच: 5 × 7 = 35. दोन: 10 × 21 = 210. बेरीज 246, आणि 792 - 246 = 546. इथे दोन्ही बाजूंना तीन-तीन ढीग आहेत, म्हणून दोन्हीकडून कष्ट सारखेच. "किमान 1 चढाईपटू" असं असेल तर मात्र उलट बाजूच घ्या: एकही चढाईपटू नसलेला संघ एकच, म्हणून 791. ढीग किती पडतात ते आधी बघायचं आणि जिकडे कमी तिकडून जायचं.

यावर एका मुलाने चांगला पेच टाकला होता: "सर, आधी एक माणूस निवडणं चूक असेल, तर कर्णधार आधी निवडणंही चूकच ना?" नाही. 12 मधून 7 जणांचा संघ आणि त्यातला एक कर्णधार निवडायचा, असा प्रश्न घ्या. आधी कर्णधार 12 प्रकारे, मग उरलेल्या 11 मधून 6 जण 462 प्रकारे: 12 × 462 = 5544. दुसऱ्या वाटेने आधी संघ 792 प्रकारे, मग सातांतला कर्णधार 7 प्रकारे: 792 × 7 = 5544. दोन्ही वाटा जुळतात. कर्णधार हे वेगळं काम आहे. क कर्णधार असलेला संघ आणि ख कर्णधार असलेला तोच संघ या इथे खरोखरच दोन वेगळ्या निवडी आहेत, म्हणून एकही निवड दोनदा आली नाही. चढाईपटूंच्या प्रश्नात "आधीचे तीन" आणि "नंतरचा चौथा" यांच्यात मैदानावर काहीच फरक नव्हता, तो फरक फक्त आपल्या कागदावर होता.

ठरावीक माणसांच्या अटी त्यामानाने सोप्या. एक जण संघात हवाच आणि दुसरा नकोच, तर दोघांना बाजूला काढा: उरले 10, जागा उरल्या 6, म्हणून 210. दोघांचं जमत नाही, ते एकत्र खेळणार नाहीत, असं असेल तर दोघे एकत्र असलेले संघ वजा करा. दोघांना घेतल्यावर 10 मधून 5, म्हणजे 252. 792 - 252 = 540. इथे "एकत्र नाही" म्हणजे "दोघंही नाहीत" असं वाचून 10C7 = 120 वर खूण केली जाते. 540 मध्ये दोघांपैकी एकच असलेले 420 संघ आहेत, आणि दोघंही बाकावर असलेले हे 120.